निवृत्तीआधीची पाच वर्षं: तारखांची यादी (पहिल्या नोकरीचा पीएफ सगळ्यात आधी)

एप्रिल 2021 मध्ये मला अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि मी मोठ्या ऐटीत पेन्शनचा 10-डी फॉर्म भरला. तो परत आला. दुरुस्त करून पुन्हा भरला, पुन्हा परत. पेन्शन हातात पडायला चौदा महिने लागले. थकबाकी मिळाली, पण मधल्या काळात दोन एफडी मोडल्या आणि घरातल्या माणसांवर विनाकारण ओरडलो ते वेगळंच. कारण एकच. 1996 ते 2002 अशी सात वर्षं मी ज्या कारखान्यात काढली, तिथला पीएफ मी पुढच्या नोकरीत कधी वळवूनच घेतला नव्हता. कारखाना पुढे बंद पडला. फॉर्मवर मी पंचवीस वर्षांची नोकरी लिहिली, नोंदीत दिसत होती अठरा.

आता बायकोची पाळी आहे. तिला 14 जून 2031 रोजी अठ्ठावन्न पूर्ण होतील आणि तिच्या कंपनीत निवृत्तीचं वयही तेच आहे. "अहो, तुमचं केलंत तसं माझं करू नका," असं तिने स्पष्ट बजावलंय, म्हणून जून 2026 पासूनची ही यादी. खासगी नोकरीतल्या, पीएफ कापला जाणाऱ्या माणसासाठी आहे. सरकारी नोकरीचे नियम वेगळे, त्यांनी ही वाचू नये.

पहिलं काम, याच महिन्यात: पहिल्या नोकरीचा पीएफ. आधार, पॅन, बँक खातं यूएएनला, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबराला, जोडलंय का, नॉमिनी भरलाय का, हे सगळे सांगतात आणि ते दहा मिनिटांत होतं. पहिली नोकरी मात्र कोणी आठवून देत नाही, कारण यूएएन आला 2014 मध्ये आणि त्याआधी सोडलेली नोकरी त्यात आपोआप येत नाही. पीएफच्या पोर्टलवर Service History उघडा. आयुष्यात जितक्या ठिकाणी पीएफ कापला गेला तितक्या ओळी तिथे दिसल्या पाहिजेत. ओळ नसेल तर ती वर्षं तुमच्या हिशेबात नाहीत. ओळ असेल पण DOE EPS हा रकाना रिकामा असेल, तर तुम्ही ती नोकरी सोडल्याची नोंदच नाही, आणि असा अर्ज अडकतो. माझं हेच दोन्ही झालं होतं.

सात वर्षांनी काय फरक पडतो, असं मलाही वाटायचं. हिशेब करून दाखवतो. पेन्शनचा पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर, असं सूत्र आहे. पेन्शनचा पगार म्हणजे शेवटच्या साठ महिन्यांची सरासरी, पण सप्टेंबर 2014 च्या आधीच्या नोकरीला 6500 आणि नंतरच्या नोकरीला 15000 रुपयांची मर्यादा धरतात. माझी पहिली सात वर्षं म्हणजे 6500 गुणिले 7 भागिले 70, महिन्याला 650 रुपये. हे मरेपर्यंत, आणि माझ्यामागे बायकोला कुटुंब पेन्शनमध्ये त्याचा अर्धा वाटा. शिवाय वीस वर्षं पूर्ण करून अठ्ठावन्नला निवृत्त झालं की हिशेबात दोन वर्षं जादा धरतात. माझी नोंदीतली वर्षं अठराच होती, म्हणजे ती दोनही हातची जात होती.

एक गोष्ट आधी आठवून बघा: पहिली नोकरी सोडताना तुम्ही पैसे काढले होते का? नुसता पीएफ काढला असेल तर पेन्शनची वर्षं शिल्लक असू शकतात. 10-सी भरून पेन्शनचेही पैसे उचलले असतील तर ती वर्षं संपली, त्यांच्यामागे धावू नका. आणि स्कीम सर्टिफिकेट नावाचा कागद घेतला असेल तर तो सोन्यासारखा जपा, पेन्शनच्या अर्जाला तोच लागतो.

बायकोची पहिली नोकरी ऑगस्ट 1998 ते मार्च 2005, सातपूरच्या एका युनिटमध्ये. तेही आता नाही. तिच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे, जो पुरुषांच्या डोक्यातही येणार नाही. 1998 मध्ये तिचं लग्न झालेलं नव्हतं. जुन्या पीएफ स्लिपवर तिचं माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. आधारवर माझं नाव आणि आमचं आडनाव. कॉम्प्युटरच्या लेखी या दोन वेगळ्या बायका आहेत. लग्न नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलाचं राजपत्र हाताशी हवं. आमच्या वेळी लग्नाची नोंदणी कोण करत होतं? आम्ही ती आत्ता केली.

जुना पीएफ नंबर कुठे मिळतो? वार्षिक पीएफ स्लिपवर, जुन्या पगारपत्रकावर, कधीकधी नेमणूकपत्रावर. हिची 2001 ची स्लिप माहेरी ट्रंकेत सापडली, तांदळाच्या पिठाच्या डब्याखाली. तुमच्याकडे काहीच नसेल तर त्या काळच्या सहकाऱ्याला फोन करा. कंपनीचा कोड सगळ्यांचा एकच असतो, फक्त शेवटचा खाते क्रमांक वेगळा. नंबर मिळाला की ते खातं यूएएनला जोडायचं, नाव आणि तारखांच्या दुरुस्तीसाठी जॉइंट डिक्लरेशन द्यायचं, आणि मग फॉर्म 13 ने त्या पीएफची आताच्या खात्यात बदली मागायची. एरवी जॉइंट डिक्लरेशनवर मालकाची सही लागते. मालकच उरला नसेल तर अधिकृत व्यक्तीकडून साक्षांकन करून, नोकरीच्या पुराव्यांसह पीएफ ऑफिसात द्यावं लागतं. नेमणूकपत्र, नोकरी सोडल्याचं पत्र, स्लिपा, जे असेल ते. प्रत्येक वेळी पोच घ्या. पोच. मी पहिल्या खेपेला घेतली नव्हती.

बदली झाली की पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसतं. घाबरू नका, पेन्शनचे पैसे खात्यातून खात्यात जात नाहीत, नोकरीची वर्षं जातात, आणि ती अनेक्शर-के नावाच्या कागदावर असतात. तो कागद मागून घ्या आणि त्यावरची वर्षं स्वतः मोजा. हे सगळं डिसेंबर 2026 पर्यंत संपवायचं असं मी भिंतीवर लिहून ठेवलंय. निवृत्तीच्या वर्षात नाही. आत्ता.

दुसरं काम, तेही याच महिन्यात, कारण इथे तारीख अक्षरशः मोजून येते. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. हिला बीपीची गोळी आहे. आधीच्या आजारासाठी नव्या पॉलिसीत जास्तीत जास्त 36 महिन्यांची वाट बघावी लागते. जून 2026 मध्ये घेतली तर जून 2029 ला बीपीही पॉलिसीत आलं. आणि सलग 60 महिने पॉलिसी चालली की, फसवणूक सिद्ध केल्याशिवाय, माहिती दडवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही. ते साठ महिने पुरे होतात जून 2031 ला, म्हणजे बरोबर निवृत्तीच्या महिन्यात. म्हणून बीपी लिहा, न लपवता लिहा, आणि एकही हप्ता चुकवू नका. कंपनीचा मेडिक्लेम असताना दुसरा कशाला, असं म्हणणाऱ्याला घरी बसवा.

पैशाचं: पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते. जून 2026 मध्ये महिना 3000 ची काढली की जून 2031 ला 1 लाख 80 हजार मुद्दल आणि वर व्याज हातात येतं. हे पैसे गुंतवणुकीसाठी नाहीत. पगार थांबला आणि पेन्शन अजून सुरू झाली नाही, त्या मधल्या महिन्यांचा हा किराणा आहे. माझे ते महिने चौदा झाले, तुमचे दोन होवोत. हिची एकूण पेन्शन सगळ्या वर्षांचा हिशेब धरून पाच हजारांच्या आसपास आणि वर त्या दोन जादा वर्षांची भर, एवढीच बसते. त्यामुळे घर पेन्शनवर चालेल या भ्रमात राहू नका.

तिचं पीपीएफ फेब्रुवारी 2014 मध्ये उघडलेलं, म्हणजे 1 एप्रिल 2029 ला पिकतं. पुढे पैसे भरत राहायचे असतील तर मुदतवाढीचा फॉर्म एका वर्षाच्या आत, 31 मार्च 2030 पर्यंत द्यावा लागतो. फॉर्म न देता भरलेल्या पैशावर व्याज मिळत नाही. फॉर्म एक पानाचा आहे.

मार्च 2031: पहिल्या नोकरीची ओळ अजून जागेवर आहे ना, ते पुन्हा बघा. हो, पुन्हा.

जून 2031: ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटचा बेसिक आणि डीए, गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. हिची या कंपनीत 26 वर्षं होतील, पगार 40 हजार धरला तर सहा लाख. तीस दिवसांत मिळायला हवी. रजेचे पैसे वेगळे मागा. 14 जूननंतर नोकरी वाढवून दिली तरी पेन्शनचं योगदान अठ्ठावन्नला थांबतं, मालकाच्या हिश्श्यातून ते पुढेही वळवलं जात नाही ना ते पासबुकात बघा, नाहीतर त्याचीही दुरुस्ती करत बसाल. 10-डी आणि पीएफचा फॉर्म 19 एकाच आठवड्यात. जोडप्याचा फोटो, चेक, आधार, आणि जुन्या नोकरीचं अनेक्शर-के.

पैसे आल्यावर पोस्टाची ज्येष्ठ नागरिक योजना. साठीआधी निवृत्त झालेल्याला ती 55 नंतर उघडता येते, पण निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत. कंपनीकडून पैसे दिल्याच्या तारखेचं पत्र घ्या. मर्यादा 30 लाख.

वर्षाला एकदा जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा दाखला. पीएफ पेन्शनला नोव्हेंबरच लागतो असं नाही, दिल्या दिवसापासून बारा महिने चालतो. बाकी उद्या लिहीन म्हटलं होतं, पण उद्या साक्षांकनाला जायचंय, हिच्या 1998 च्या कागदांसाठी.