मागणीचा नियम: दोन गुणांत आणि पाच गुणांत

आधी मोठ्या उत्तरातल्या अशा शब्दांखाली रेघ मारा, जे गाळले की उत्तर चुकतं. मागणीच्या नियमात ते तीनच: ‘इतर परिस्थिती स्थिर’, ‘किंमत’, ‘व्यस्त संबंध’.

दोन गुणांसाठी एवढं पुरे: ‘इतर परिस्थिती स्थिर असताना वस्तूची किंमत वाढली की मागणी घटते आणि किंमत घटली की मागणी वाढते, म्हणजे दोन्हींत व्यस्त संबंध असतो.’

पाच गुणांना हेच वाक्य जसंच्या तसं वर ठेवा. खाली मागणी पत्रक, डावीकडून उजवीकडे उतरणारा वक्र आणि गिफेन वस्तूंचा अपवाद जोडा. ‘व्यस्त’च्या जागी ‘उलटा’ लिहू नका. घाईत ‘इतर परिस्थिती स्थिर’ हेच सर्वांत आधी गळतं, आणि त्याशिवाय नियमच अपुरा राहतो.