शब्दकोशातली नोंद अर्ध्यावर सोडता? या चुका टाळा

विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी शब्दकोशात शब्द सापडला की बहुतेक जण पहिला अर्थ वाचतात आणि तिथेच थांबतात. शब्द कळतो, पण तो वापरून केलेलं वाक्य चुकतं.

'एक्स्पीरियन्स' घ्या. नोकरीच्या अर्जांत 'आय हॅव मेनी एक्स्पीरियन्सेस इन टीचिंग' असं लिहिलेलं आढळतं. नोंदीत या शब्दाला [U] आणि [C] या दोन्ही खुणा असतात, त्यामुळे अनेकवचन चालेल असं वाटतं. पण प्रत्येक खूण विशिष्ट अर्थाला जोडलेली असते. कामातून आलेलं ज्ञान किंवा कौशल्य या अर्थाला [U], म्हणजे अगणनीय. तिथे आधी 'ॲन' नाही आणि शेवटी 'एस'ही नाही. आयुष्यात घडलेला एखादा प्रसंग या अर्थाला [C], म्हणजे गणनीय. मराठीत दोन्हींना आपण 'अनुभव'च म्हणतो, म्हणून गफलत होते. अर्जात पहिला अर्थ हवा, तेव्हा 'अ लॉट ऑफ एक्स्पीरियन्स' बरोबर. खूण कुठे छापली आहे हेही बघा. अर्थाच्या क्रमांकानंतर असेल तर ती त्या अर्थापुरती. सगळ्या क्रमांकांच्या आधी, शब्दालगत असेल तर साधारणपणे सगळ्या अर्थांना लागू.

क्रियापदांत जास्त नुकसान होतं ते वाक्यरचनेचे साचे न वाचल्यामुळे. 'त्याने मला जायला सुचवलं' हे मनात ठेवून आपण 'ही सजेस्टेड मी टु गो' लिहितो. 'सजेस्ट'च्या नोंदीत suggest sth to sb, suggest doing sth आणि suggest that… असे साचे मिळतील. इथे sb म्हणजे कोणी व्यक्ती, sth म्हणजे काही गोष्ट. suggest sb to do sth हा साचा तिथे नाही, आणि ही अनुपस्थितीच तुमचं उत्तर आहे. म्हणून 'ही सजेस्टेड दॅट आय शुड गो'. साच्यातला कंस म्हणजे तो भाग गाळला तरी चालतो: explain sth (to sb) मध्ये 'टु' आणि व्यक्ती दोन्ही गाळता येतात, पण व्यक्ती ठेवायची तर 'टु' हवाच. 'एक्स्प्लेन मी धिस' चुकतं ते त्यामुळे.

साचा नीट उमगला नाही तर खालची उदाहरणं वाचा. ती केवळ अर्थ पटवायला दिलेली नसतात. त्यांतले ठळक शब्द एकत्र येणारी जोडी दाखवतात. उदाहरणातली नामं बदलून आपलं वाक्य बनवा, सांगाडा मात्र तोच ठेवा.

तिरप्या ठशातली लेबलं मला फार मोलाची वाटतात. formal असेल तर तो शब्द मित्राच्या चॅटमध्ये अवघडलेला वाटेल. Old-fashioned असेल तर ओळखण्यापुरता लक्षात ठेवा. 'प्रीपोन'पुढे भारतीय इंग्रजीचं लेबल दिसतं. शब्द चुकीचा नाही, पुण्याच्या ऑफिसात बिनधास्त वापरा. लंडनच्या ग्राहकाला मेल लिहिताना मात्र 'ब्रिंग फॉरवर्ड' लिहा.