डबीतली शिट्टी

सुरुवातीच्या काळात माझी प्रत्येक कविता शेवटच्या कडव्यात प्रवचनाला बसायची. त्यातली एक वडिलांना कमी ऐकू येऊ लागलं त्यावर होती. ते फोनवर ओरडून बोलतात, टीव्हीचा आवाज वाढवतात, रात्री कानातलं यंत्र काढून डबीत ठेवतात. इथवर बरं होतं. मग शेवट असा:

कान थकले तरी थकत नाही माया,
ऐकण्यासाठी तिला लागत नाही काया.

माया आली की यमकाला काया धावून येतेच. असे शेवट बरेचदा यमकच लिहून टाकतं आणि आपल्याला वाटतं, आपल्याला काही सुचलं!

एका मित्राने त्या दोन ओळींवर तळहात ठेवला आणि म्हणाला, "आता वाच." तेव्हापासून मी प्रत्येक कवितेला हे करतो. झाकल्यावर अर्थ काहीच कमी झाला नाही, तर त्या ओळी वाचकाला आधीच कळलेलं पुन्हा सांगत होत्या.

पण नुसतं कापून भागलं नाही. आता शेवट डबीत यंत्र ठेवण्यावर आला. डबी मिटली, कविताही मिटली. मग मी घाबरून खिडकीबाहेर एक पक्षी उडवला. दिसायला छान, पण अख्ख्या कवितेत पक्षी कुठेच नव्हता. असा उसना पक्षी कुठल्याही कवितेला चिकटवता येतो, हीच त्याची खोट. ओळीपुढे तीन टिंबं देणं हाही त्यातलाच प्रकार.

उत्तर डबीतच होतं. एका रात्री बाबा यंत्र बंद करायला विसरले होते. चालू यंत्रातून निघालेला आवाज त्याच्याच माइकमध्ये परत शिरला की ते बारीक शिट्टी घालतं. मी लिहिलं, "शिट्टी वाजते, जणू कुणी हाक मारतंय." पुन्हा तीच चूक. 'जणू'ने प्रतिमेच्या गळ्यात अर्थाची पाटी अडकवली. ते काढल्यावर उरलं ते असं:

यंत्र डबीत, डबी उशाशी.
आत बारीक शिट्टी वाजते.
बाबा कूस बदलतात.

तिसऱ्या ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. आधी 'बाबांना ऐकू येत नाही' असं होतं. त्याने प्रश्न तिथेच निकालात निघत होता. कूस बदलण्याचं कारण मात्र मी सांगत नाही.

शेवटी थेट विधान करणं हाच दोष, असं मात्र समजू नका. अभंगात 'तुका म्हणे' आल्यावर तुकोबा उघडच बोलतात आणि ते शोभतं, कारण त्या रचनेत ती जागा बोलण्याचीच आहे. माझ्या कवितेत तोवर कुणीच बोलत नव्हतं. अचानक मीच मध्ये उठून उभा राहत होतो.

ही कविता एका छोट्या बैठकीत वाचली, तेव्हा मागे बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "मग ते यंत्र बंद कुणी केलं?"