मीटर शून्याखाली, तरी एमपीथ्रीत ताशा का फाटतो?

मारबतीच्या मिरवणुकीतल्या ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग घ्या. लिमिटरचं सीलिंग उणे ०.१ डीबीवर, मीटरवर एकदाही लाल नाही, वेव्ह फाइल स्वच्छ. तिची १२८ केबीपीएसची एमपीथ्री करून पाठवली की नागपूरच्या महाल भागातून फोन येतो, "भाऊ, ताशा फाटून राहिला ना!"

पहिली चूक म्हणजे साध्या पीक मीटरवर विसंबणं. तो फक्त सॅम्पल वाचतो. ४४.१ किलोहर्ट्झला सेकंदाला ४४,१०० सॅम्पल असतात, पण ध्वनिलहरीचं शिखर दोन सॅम्पलांच्या मधेही असू शकतं. सॅम्पलिंग रेटच्या बरोबर चौथ्या हिश्शाची साइन वेव्ह नेमकी शिखराच्या दोन्ही बाजूंना सॅम्पल झाली, तर मीटर खऱ्यापेक्षा ३ डीबी कमी दाखवतो. ट्रू पीक मीटर दोन सॅम्पलांच्या मधली सॅम्पल गणिताने तयार करून हे शिखर अंदाजतो. आयटीयूच्या बीएस.१७७० मानकात ४८ किलोहर्ट्झसाठी चौपट ओव्हरसॅम्पलिंग सांगितलंय.

दुसरी चूक जास्त महागात पडते: ट्रू पीक तपासायचा, पण फक्त वेव्ह फाइलचा. एन्कोडर कानाला न जाणवणारा तपशील गाळतो आणि उरलेला ढोबळ आकड्यांत साठवतो, त्यामुळे लहरीचा आकार बदलतो आणि काही शिखरं वर सरकतात. लिमिटरने दाबून सपाट केलेल्या ताशाच्या टोल्यांवर हे हमखास होतं. बिटरेट जितका कमी, तितका त्रास साधारणपणे जास्त.

म्हणून मोजायचं ते एमपीथ्रीच:

```
ffmpeg -i tasha.mp3 -af ebur128=peak=true -f null -
```

शेवटी True peak खाली Peak चा आकडा येतो. समजा तो +१.५ आला. एमपीथ्रीत शून्याच्या वरची ही शिखरं शाबूत असतात, ती कापली जातात डीकोड होऊन १६ बिटमध्ये उतरताना. त्यामुळे कापलेल्या वेव्हचा आवाज नंतर कमी करून काही उपयोग नाही. मूळ मास्टर उघडा, लिमिटरनंतरचा गेन २ डीबीने उतरवा, पुन्हा एन्कोड करा. आता आकडा उणे ०.५ च्या आसपास येईल. तो गेलेला आवाज परत मिळवायला लिमिटर आणखी दाबू नका, शिखरं पुन्हा उसळतील.

दरवेळी हा खटाटोप नको असेल तर ट्रू पीक लिमिटर उणे १ वर ठेवा. ईबीयूच्या आर १२८ मध्ये कमाल मर्यादा तीच आहे. पण तो आकडा एन्कोडिंगच्या आधीचा. ताशासारखं दणदणीत काम कमी बिटरेटवर जाणार असेल, तर मी सरळ उणे २ घेतो. २ डीबीने आवाज किंचित उतरतो, पण त्याची तक्रार सहसा कुणी करत नाही.