सोयाबीन काढणीच्या दिवसात हवामानाच्या तक्त्याचा फोटो आला की तो मराठीत असा लिहून टाका

मंडळी, सोयाबीन काढणीला आलंय आणि दर मंगळवारी-शुक्रवारी जिल्ह्याच्या कृषी हवामान सल्ल्यातला पाच दिवसांचा तक्ता कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकतं. फोटो फॉरवर्ड होत होत पुसट होतो, साध्या फोनवर उघडत नाही, आणि ज्यांना डोळ्यांनी कमी दिसतं त्यांचा फोन मजकूर वाचून दाखवतो तसा फोटोतले आकडे वाचत नाही. म्हणून गावात एकाने तरी तो टाईप करून टाकावा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ISOL, SCT, FWS, WS या अक्षरांचा. ISOL म्हणजे तुरळक ठिकाणी, SCT काही ठिकाणी, FWS बऱ्याच ठिकाणी आणि WS बहुतांश ठिकाणी. ही अक्षरं पाऊस किती पडणार ते सांगतच नाहीत, विभागातल्या किती केंद्रांवर पडेल एवढंच सांगतात, म्हणजे ISOL असेल तर जास्तीत जास्त पाव भाग केंद्रांवर. पण ज्या शिवारात पडेल तिथं झोडपूनही काढू शकतो, त्यामुळे ISOL चं भाषांतर "थोडा पाऊस" असं कधीच करू नका, लोक तेवढ्यावर कापलेलं सोयाबीन उघडं ठेवतात आणि भिजलेल्या शेंगा काळ्या पडतात, दाण्याला कोंब फुटतात.

किती पडणार ते मिलिमीटरच्या ओळीत असतं. हवामान खात्याच्या हिशोबाने २४ तासांत २.४ पर्यंत अगदी हलका, २.५ ते १५.५ हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अति मुसळधार आणि त्याच्या वर अत्यंत मुसळधार. शब्द लिहिला तरी आकडा शेजारी ठेवाच, कारण १६ पण मध्यम आणि ६० पण मध्यम, पण शेतात दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ढगांचा आकडा ० ते ८ असतो, आभाळाचे आठ भाग धरून किती झाकलंय ते: ० निरभ्र, १-२ बहुतेक निरभ्र, ३-४ अंशतः ढगाळ, ५-७ ढगाळ, ८ पूर्ण झाकलेलं. वाऱ्याची दिशा अंशात असते आणि ती वारा येतो त्या बाजूची, म्हणजे ९० पूर्वेकडून, १८० दक्षिणेकडून, २७० पश्चिमेकडून, ३६० उत्तरेकडून. "पश्चिमेला" नाही, "पश्चिमेकडून" असंच लिहा.

आता उदाहरणादाखल एक तक्ता घेऊ. शनिवारी पाऊस ०, ढग ३. रविवारी १८, ढग ७. सोमवारी फोटोत २५ दिसतंय पण ढग फक्त २. इथं थांबायचं. आभाळ जवळपास मोकळं आणि पाऊस २५ मिमी हे जुळत नाही, बहुतेक २.५ मधला टिंब पुसला गेलाय. पण "बहुतेक" वर टाईप करायचं नाही, मूळ पीडीएफ उघडून बघायची, नाही मिळाली तर तसं स्पष्ट लिहायचं. तशीच झटपट तपासणी बाकीच्यांची: ढग ८ च्या वर, दिशा ३६० च्या वर किंवा किमान तापमान कमालपेक्षा जास्त दिसलं तर वाचायला चूक झालीय किंवा रकाना सरकलाय. रिकामा रकाना किंवा आडवी रेघ म्हणजे शून्य नव्हे, तिथं "माहिती नाही" लिहा.

मेसेज असा होईल:

```
जिल्हा हवामान अंदाज, शुक्रवारी निघालेला
शनिवार: पाऊस नाही (० मिमी), अंशतः ढगाळ (३), वारा पश्चिमेकडून ताशी ९ किमी
रविवार: मध्यम पाऊस (१८ मिमी), ढगाळ (७), वारा पश्चिमेकडून ताशी १४ किमी
सोमवार: पाऊस - फोटोत नीट दिसत नाही, बहुतेक निरभ्र (२)
इशारा: रविवारी पिवळा, विजांसह पाऊस, तुरळक ठिकाणी
खुलासा: मध्यम = १५.६ ते ६४.४ मिमी. ढग ० ते ८. तुरळक = २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर
```

खुलाशात सगळी यादी कोंबू नका, त्या मेसेजमध्ये आलेल्या शब्दांचाच अर्थ द्या. ढग-विजेचं चित्र असेल तर चित्राचा इमोजी टाकू नका, "विजांसह पाऊस" असं लिहा. रंगाचं नाव पण शब्दात लिहा: हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा लक्ष ठेवा, नारिंगी तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. आणि तक्त्यावर "सकाळी ८:३० पर्यंत" असं असेल तर तेही उतरवा, कारण पावसाचा दिवस मध्यरात्री नाही, सकाळी साडेआठला बदलतो.

अंदाज आणि सल्ला एका ओळीत मिसळू नका. वरच्या तक्त्यावरून "शनिवारी कापलेलं रविवारच्या आत मळून घ्या, नाहीतर गंजी घालून ताडपत्रीने झाका" हे वेगळं, खाली, तुमच्या नावाने लिहा, म्हणजे खात्याने काय म्हटलं आणि तुम्ही काय म्हणताय ते वाचणाऱ्याला कळेल. आणि मंगळवारचा तक्ता आला की जुना मेसेज डिलीट करा, किंवा नव्याच्या पहिल्याच ओळीत "शुक्रवारचा अंदाज आता धरू नका" असं टाका.