कुंपण किती लागेल? : भूमितीतले चुकीचे समज उघडे पाडणारी प्रश्नपत्रिका कशी काढावी

लांबी १२ मीटर, रुंदी ८ मीटर, परिमिती काढा. हा प्रश्न पाचवीच्या वर्गात घातला तर बहुतेक मुलं ४० लिहितात आणि आपण खूश होतो. पण त्यांनी सूत्र पाठ केलंय, एवढंच त्यातून कळतं. परिमिती म्हणजे काय हे कळलंय का, हे तपासायचं तर सूत्र सरळ लागू होणार नाही असा प्रश्न हवा. शिवाय चुकलेलं मूल नक्की कुठल्या समजामुळे चुकलं, हे त्याच्या उत्तरावरूनच दिसलं पाहिजे.

असा एक प्रश्न सुरुवातीपासून बांधून पाहू. गोव्यातल्या मुलांना प्रसंग समजावून सांगावा लागत नाही, कारण रस्ता रुंद करताना कुणाच्या ना कुणाच्या भाटाचा, म्हणजे बागायतीचा, कोपरा जातोच. म्हणून प्रश्न असा: '१२ मीटर लांब, ८ मीटर रुंद अशा आयताकृती जागेला चारी बाजूंनी कुंपण आहे. रस्त्यासाठी तिचा ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आयताकृती कोपरा गेला. उरलेल्या जागेला पूर्ण कुंपण घालायला किती मीटर लागेल?'

आता पर्याय. इथेच बहुतेक प्रश्नपत्रिका फसतात, कारण चुकीचे पर्याय मनाला येतील तसे भरलेले असतात. प्रत्येक चुकीचा आकडा एका विशिष्ट चुकीच्या विचारातून निघाला पाहिजे. जमीन ६ चौरस मीटर गेली म्हणून कुंपणही ६ ने घटलं असं वाटणारं मूल ३४ म्हणेल. कोपऱ्याच्या ३ आणि २ मीटरच्या कडा वजा करून तिथेच थांबणारं मूल ३५ म्हणेल. आतल्या दोन नव्या कडा मिळवून जुन्या वजा करायला विसरणारं ४५ म्हणेल. बरोबर उत्तर ४०, कारण बाहेरून गेलेलं ५ मीटर कुंपण आतल्या बाजूने पुन्हा घालावंच लागतं.

आकडे निवडताना एक खोच सांभाळायची. कोपरा २ बाय २ चा घेतला असता तर क्षेत्रफळ वजा करणारा आणि कडा वजा करणारा, दोघेही ३६ वर आले असते आणि कोण कसं चुकलं हे कळलंच नसतं. साध्या परिमितीच्या प्रश्नातही ४ बाय ४ चा चौरस आणि ६ बाय ३ चा आयत याच कारणासाठी टाळावा, कारण त्यांचं क्षेत्रफळ आणि परिमिती आकड्याने एकच येते. म्हणून प्रश्न छापण्याआधी प्रत्येक चुकीच्या पद्धतीने तो स्वतः सोडवायचा. दोन पद्धतींचं उत्तर जुळलं की आकडे बदलायचे.

आकृती चौकटीच्या कागदावर काढा, पण आतल्या दोन कडांवर लांबी लिहू नका. लिहिली की मूल विचार न करता कडेकडेचे आकडे मिळवत जातं आणि प्रश्न बेरजेचा होतो.

हा झाला पहिला थर. त्याखाली दुसरा: 'हे उत्तर का?' इथेही पर्याय द्यायचे, पण ते मुलांच्या भाषेत हवेत. त्यासाठी हाच प्रश्न आधी दुसऱ्या तुकडीतल्या काही मुलांना पर्यायांविना द्या, कारण लिहायला सांगा आणि त्यांचीच वाक्यं उचला. 'जमीन कमी झाली तेवढं कुंपण कमी.' 'कोपऱ्याचं कुंपण काढून टाकलं.' 'आतलं नवीन कुंपण जास्तीचं लागलं.' 'बाहेरून गेलं तेवढंच आतून घालावं लागतं.' आणि पाचवं, सगळ्यात कामाचं: 'लांबी १२ आणि रुंदी ८ तीच आहे, म्हणून परिमिती तीच.' हे शेवटचं कारण निवडणाऱ्या मुलाचं उत्तर ४० बरोबर येतं, पण समज कच्चा असतो. साध्या परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळाले असते. शिवाय चार उत्तरं आणि पाच कारणं असली की डोळे मिटून दोन्ही अचूक लागण्याची शक्यता विसात एक उरते.

तिसरा थर एका ओळीचा: 'खात्री आहे' की 'अंदाजाने लिहिलं'. चुकीचं उत्तर, त्याला जुळणारं चुकीचं कारण आणि वर 'खात्री आहे' असं असेल तर तो पक्का बसलेला गैरसमज. 'अंदाजाने' असेल तर मुलाला ते बहुधा शिकवलेलंच कळलेलं नाही. या दोघांना एकच उजळणी देऊन भागत नाही. पहिल्याला त्याच्या समजाच्या विरोधात जाणारं काहीतरी हातात द्यावं लागतं. कोपरा कापलेल्या पुठ्ठ्याच्या कडेने दोरा फिरवून मोजायला लावणं पुरतं.

मग त्याच समजावर वरच्या पायरीचा प्रश्न. जागा तीच, पण या वेळी विजेच्या ट्रान्सफॉर्मरसाठी लांब बाजूच्या मधोमध ३ मीटर रुंद, २ मीटर खोल तुकडा गेला. कुंपण आता ४४ मीटर लागेल. बाहेरून ३ मीटर गेलं आणि आत ३ अधिक २ अधिक २ मीटर आलं. 'लांबी-रुंदी तीच' म्हणणारं मूल इथे पुन्हा ४० लिहितं आणि पकडलं जातं. जमीन दोन्ही वेळा ९० चौरस मीटर उरते. तेही जोडप्रश्न म्हणून विचारा. जमीन घटूनही कुंपण वाढतं, हे पाहून वर्गात जो गोंधळ उडतो तो उडू द्यावा.

कोनांसाठी दोन प्रश्न बस झाले. पहिल्यात दोन कोन शेजारी काढायचे: एक ४० अंशांचा, ९ सेंटीमीटर भुजांचा, दुसरा ६० अंशांचा, ३ सेंटीमीटर भुजांचा. मापं लिहायची नाहीत, फक्त मोठा कोणता ते विचारायचं. रेषा लांब म्हणून कोन मोठा असं मानणारं मूल पहिल्याकडे बोट दाखवतं. कोनाची खूण दाखवणारा कंस दोन्हीकडे एकाच आकाराचा काढा, नाहीतर मूल त्यावरूनच ठरवतं.

दुसऱ्यात कोनमापकाचं चित्र. एक भुजा शून्यावर न ठेवता ३० वर, दुसरी ८० वर. बरोबर उत्तर ५०. फक्त दुसरी भुजा वाचणारं मूल ८० लिहितं, ती उलट्या मापावर वाचणारं १००, दोन्ही मिळवणारं ११०. इथे ३० ऐवजी २० घेतले तर बेरीजही १०० येते आणि दोन चुका एकमेकींत मिसळतात.

भाषेचं भान ठेवा. गोव्यात चौथीपर्यंत मराठीतून शिकलेली बरीच मुलं पाचवीत इंग्रजी माध्यमात जातात. 'परिमिती' आणि 'पेरिमीटर' यांत अडकलेल्या मुलाची भूमिती तपासलीच जात नाही. 'कुंपण किती लागेल' असं विचारलं की दोन्ही शब्दांची गरज उरत नाही.

एका तासिकेत असे पाच-सहा प्रश्न पुरेत, कारण प्रत्येकात मुलाला तीनदा थांबावं लागतं. गुण देऊ नका. गुण दिसले की मुलं शेजाऱ्याचं बघतात आणि 'अंदाजाने' कुणीच लिहीत नाही. तपासताना वहीत तक्ता आखा: डावीकडे मुलांची नावं, वर एकेक समज, आणि ज्या समजावर मूल दोन्ही प्रश्नांत अडकलं तिथे फुली. एकाच प्रश्नात अडकलं असेल तर फुली मारू नका. घाईने वाचल्यानेही तसं होतं. अशा मुलाला बोलावून 'कसं काढलंस?' एवढंच विचारायचं.

शिकवून झाल्यावर पुन्हा तपासायला आकडे बदला: १० बाय ६ मीटरची जागा, गेलेला कोपरा ४ बाय १ चा. पर्याय येतात २८, २७, ३२ आणि ३७, चारही वेगळे. तुकडा लांब बाजूच्या मधोमध, ४ मीटर रुंद आणि १ मीटर खोल घेतला तर कुंपण ३४ मीटर लागेल.