दिवाळी ऑक्टोबरात की नोव्हेंबरात? मासिक विक्रीवरून सणाच्या तिमाहीचा अंदाज

नाशिकच्या भांडी बाजारातलं एक दुकान डोळ्यासमोर ठेवू. स्टील, पितळ, तांबं. गिऱ्हाईक घरगुती आणि लग्नाच्या बस्त्याचं. हातात दर महिन्याच्या विक्रीची एक्सेल फाइल आहे, 2022 पासून ऑगस्ट 2026 पर्यंतची. मालकाला ऑक्टोबर ते डिसेंबर 2026 चा अंदाज हवा आहे. पुढचे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, तारखा मात्र पंचांगाच्या खऱ्या आहेत.

कॉलेजात शिकवलेली पद्धत अशी : बारा महिन्यांची मध्यस्थित चलसरासरी काढायची, तो झाला कल. महिन्याची विक्री त्या कलाने भागायची, ते झालं गुणोत्तर. एकाच महिन्याच्या सगळ्या वर्षांच्या गुणोत्तरांची सरासरी म्हणजे हंगामी निर्देशांक. बारा हा सम आकडा असल्याने मधला महिना नेमका सापडत नाही, म्हणून एक महिना सरकवून दोन सरासऱ्या घ्याव्या लागतात. विक्री B2 पासून खाली असेल, तर आठव्या ओळीत हे सूत्र येईल :

```
=(AVERAGE(B2:B13)+AVERAGE(B3:B14))/2
```

इथपर्यंत सगळ्यांचं बरोबर येतं. गडबड पुढे होते. आपल्या दुकानाची ऑक्टोबर-नोव्हेंबरची गुणोत्तरं अशी निघाली : 2022 मध्ये 2.05 आणि 0.85, 2023 मध्ये 1.25 आणि 1.65, 2024 मध्ये 2.00 आणि 0.90, 2025 मध्ये 2.10 आणि 0.80. सरासरी काढली की ऑक्टोबर 1.85, नोव्हेंबर 1.05. दिसायला नीट आहे, पण असा ऑक्टोबर या चार वर्षांत एकदाही आलेला नाही. सण चालतो तिथीने आणि फाइल चालते तारखेने. भांड्यांच्या दुकानाचा खरा दिवस धनत्रयोदशी. ती 2023 मध्ये 10 नोव्हेंबरला होती, 2024 मध्ये 29 ऑक्टोबरला, 2025 मध्ये 18 ऑक्टोबरला, आणि 2026 मध्ये ती 6 नोव्हेंबरला आहे. 2024 चं लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं म्हणून ते वर्ष ‘नोव्हेंबरच्या दिवाळीत’ टाकू नका. भांडी त्याआधीच विकली गेली होती, गुणोत्तर तेच सांगतं. सराफाची किंवा फटाक्यांची गोष्ट वेगळी. आपल्या मालाचा दिवस कोणता, हे आधी ठरवा.

आता सणाची वाढीव विक्री बाजूला काढू. त्यासाठी मासिक फाइल पुरत नाही, एका वर्षाची रोजची बिलं लागतात. धनत्रयोदशीला शून्य धरून मागे-पुढे दिवस मोजा. समजा, नेहमीच्या विक्रीच्या वर जे काही विकलं गेलं त्यातलं 20 टक्के आधीच्या चौदाव्या ते आठव्या दिवसांत, 40 टक्के शेवटच्या सात दिवसांत, 25 टक्के प्रत्यक्ष धनत्रयोदशीला आणि 15 टक्के भाऊबीजेपर्यंत आलं. 2026 मध्ये चौदावा दिवस 23 ऑक्टोबरला येतो आणि आठवा 29 ऑक्टोबरला. म्हणजे पहिले 20 टक्के पूर्ण ऑक्टोबरात. शेवटच्या आठवड्यातले 30 आणि 31 हे दोनच दिवस ऑक्टोबरात राहतात. गर्दी पुढे वाढत जाते म्हणून त्यांचे 8 टक्के धरू. ऑक्टोबरचा वाटा 28 टक्के, नोव्हेंबरचा 72. याच हिशेबाने 2023 मध्ये ऑक्टोबरला जेमतेम 13 टक्के मिळतात, 2025 मध्ये पूर्ण 100.

दोन वर्षं समोरासमोर ठेवली की सणाचा एकूण भार कळतो. 2025 च्या 2.10 मधून 2023 चे 1.25 वजा केले, उरले 0.85. हा फरक म्हणजे सणाच्या वाढीव विक्रीचे 100 वजा 13, म्हणजे 87 टक्के, म्हणून पूर्ण सण 0.85 भागिले 0.87, साधारण 0.98. ऑक्टोबरचा बिनसणाचा पाया 2.10 वजा 0.98, म्हणजे 1.12. नोव्हेंबरचा पाया 2025 मध्ये सरळच दिसतो, 0.80. त्यावरून 2026 चा ऑक्टोबर 1.12 अधिक 0.28 गुणिले 0.98, म्हणजे 1.39, आणि नोव्हेंबर 0.80 अधिक 0.72 गुणिले 0.98, म्हणजे 1.51.

कलाचं दुखणं वेगळं आहे. डेटा ऑगस्टपर्यंत असला तरी मध्यस्थित सरासरी फेब्रुवारी 2026 लाच थांबते, पुढे ओढून न्यावी लागते. फेब्रुवारीला ती 21.6 लाख आणि वर्षाची वाढ 1.6 लाख असेल, तर ऑक्टोबर 22.7, नोव्हेंबर 22.8, डिसेंबर 22.9 लाख. इथे मे-जूनची पडलेली विक्री पाहून कल खाली वळवायचा मोह होतो. पण 17 मे ते 15 जून 2026 अधिक ज्येष्ठ होता, अधिक महिन्यात लग्नं नसतात, आणि बस्त्याची भांडी त्या महिन्यात विकली जात नाहीत. ती घसरण कलाची नव्हे. दिवाळी नोव्हेंबरात गेली तीही याच अधिक महिन्यामुळे. 2023 मध्येही अधिक श्रावण आला होता, त्यामुळे डिसेंबरचा निर्देशांक चार वर्षांच्या सरासरीपेक्षा 2023 वरून घेणं बरं. तुळशीचं लग्न उशिरा, तर लग्नसराईही उशिरा. तो 0.90 धरू.

गुणाकार केला : ऑक्टोबर 31.6 लाख, नोव्हेंबर 34.4, डिसेंबर 20.6. एकूण 86.6 लाख. सरासरी निर्देशांकाने हेच काढलं तर 42.0, 23.9 आणि 20.6, एकूण 86.5. तिमाहीची बेरीज जवळपास तीच, म्हणून चूक अहवालात लपते. दुकानात ती लपत नाही : ऑक्टोबरात दहा लाखांचा माल आधीच पडून राहतो, पुरवठादाराचे पैसे मात्र द्यावे लागतात, आणि धनत्रयोदशीच्या आठवड्यात पुन्हा मागवायला हात आखडतो.

विक्री जीएसटी वगळून घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून स्वयंपाकाच्या भांड्यांवरचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला. करासह आकडे घेतले तर तेवढाच माल विकूनही विक्री 6.25 टक्क्यांनी घटलेली दिसते. शिवाय दरकपात जाहीर झाल्यावर गिऱ्हाईक थांबलं असेल, तर सप्टेंबर 2025 चा काही भाग ऑक्टोबरात आलेला आहे. तो संशय असेल तर 2.10 ऐवजी 2022 चे 2.05 घेऊन गणित पुन्हा करा; ऑक्टोबर-नोव्हेंबरचा आकडा किती हलतो ते दिसेल, आणि तेवढी तरी मोकळीक अंदाजात ठेवायला हवी.

या सगळ्याचा कच्चा दुवा म्हणजे उशिराच्या दिवाळीचं एकच वर्ष, 2023. 2020 आणि 2021 कोविडमुळे बिघडलेली, ती भरीला घेऊ नका. 2018 ची जुनी वही मिळाली तर सोनं. तेव्हा धनत्रयोदशी 5 नोव्हेंबरला होती. वरच्या वाट्यांनी 2018 चा ऑक्टोबर साधारण 1.44 यायला हवा. वहीतून 1.2 किंवा 1.7 निघालं, तर दिवसांचे वाटे चुकलेत.

सिंहस्थाचं ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला आहे. बारा वर्षांनी येणारी गोष्ट चार वर्षांच्या फाइलमध्ये नाही, निर्देशांकात ती कोंबू नका. मालकाला तिचा भार द्यायचाच असेल तर वेगळ्या ओळीत लिहा, म्हणजे नंतर तपासता येईल.

तपासणी मात्र तारखेला तारीख लावून होत नाही. 20 ऑक्टोबर 2026 हा धनत्रयोदशीच्या आधीचा सतरावा दिवस. त्याची तुलना 1 ऑक्टोबर 2025 शी करायची, 20 ऑक्टोबर 2025 शी नव्हे. दोन्ही तारखा दसऱ्याच्या आसपास पडतात (2025 मध्ये 2, 2026 मध्ये 20), म्हणून दसऱ्याची खरेदीही बऱ्यापैकी जुळते. रोज त्या दिवसापर्यंतच्या मागच्या सात दिवसांची बेरीज अशी लावत गेलात, तर माल वाढवायचा की थांबवायचा हे धनत्रयोदशीच्या दोन आठवडे आधी ठरवता येतं.